त्रेसष्टाव्या वर्षीचं उत्तर, छत्तिसाव्या वर्षीचा प्रश्न

मावल्याहून ४४ नंबरच्या महामार्गाने उत्तरेला निघालं की आदिलाबाद मागे पडतं, मग पैनगंगा येते आणि तिच्या पलीकडे पांढरकवडा. नदीच्या दोन्ही बाजूंना कापूस तोच, घराघरात ऐकू येणारी मराठीही ओळखीचीच. बायकांच्या बोलण्यात एक वाक्यही दोन्हीकडे सारखंच येतं : ‘पिशवी काढली.’ तेलुगू शेजारीणही आपल्या भाषेत पिशवीच म्हणते, गर्भसंची. पांढरं जातं म्हणून काढली, अंगावरून जास्त जात होतं म्हणून काढली, डॉक्टर म्हणाले पुढे कॅन्सर होईल म्हणून काढली. वय विचारलं तर छत्तीस, अडतीस, कधी तिशीच्याही आतलं.

हा नुसता कानावर पडलेला समज नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांमध्ये गर्भाशय काढलेल्यांचं प्रमाण देशात शेकडा तीनच्या आसपास निघालं. तेलंगणात ते आठच्या आसपास होतं. आंध्र आणि तेलंगण या दोन राज्यांनी या बाबतीत देशाला मागे टाकलं आहे. महाराष्ट्रात बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची गोष्ट २०१९ मध्ये राज्यभर गाजली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर ऐंशी हजारांवर बायकांच्या पाहणीचे आकडे आले, आणि त्यात तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली होती.

या ऑपरेशनांवर पुष्कळ लिहिलं गेलं आणि तो राग योग्यच आहे. मला मात्र त्यानंतरच्या गोष्टीकडे जायचं आहे. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली असतील, तर त्या बाईच्या शरीरात दुसऱ्या दिवसापासून काय घडू लागतं? त्यावर हार्मोनच्या औषधाचा उपाय आहे. मग ‘हार्मोनच्या गोळ्या? त्यांनी कॅन्सर होतो, गुठळ्या होतात’ असं म्हणून तो बाजूला का ठेवला जातो? ही भीती आली कुठून याचा माग काढत गेलं की वैद्यकशास्त्रातली एक थक्क करणारी गोष्ट हाती लागते. औषध तेच, मात्रा तीच, पण पाळी थांबून किती वर्षं झाली यावर त्याची वागणूक पालटते.

आधी अंडाशयाकडे पाहू. बदामाएवढ्या या दोन ग्रंथी इस्ट्रोजेन तयार करतात. त्याचं काम गर्भाशयापुरतं असतं असं आपण समजतो. प्रत्यक्षात इस्ट्रोजेन ओळखणारी ग्राहकं हाडांत आहेत, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात आहेत, मूत्रमार्गात, त्वचेत आणि मेंदूतही आहेत. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये चेतापेशींचा एक छोटा पुंजका असतो. पाळीच्या वर्षांत इस्ट्रोजेन त्याला आवरून धरतं. ते कमी झालं की त्या पेशी फुगतात, नको तेव्हा संदेश सोडतात, आणि तो संदेश शेजारच्या ताप-थंडी सांभाळणाऱ्या केंद्राला जाऊन भिडतो. अंगात उष्णता वाढली आहे असं त्या केंद्राला वाटतं. लगेच कातडीखालच्या शिरा रुंदावतात आणि घाम फुटतो. आदिलाबादच्या जानेवारीत रात्रीचा पारा एक आकडी होतो. अशा रात्री रजई फेकून दारात जाऊन उभी राहणारी बाई नाटक करत नसते. तिच्या मेंदूने खरोखरच शरीर थंड करायचा हुकूम सोडलेला असतो.

पाळी आपोआप जाते तेव्हा हे उतरणं वर्षानुवर्षं चालतं. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ आहे, युरोप-अमेरिकेत ५१ च्या आसपास. ऑपरेशनमध्ये दोन्ही अंडाशयं गेली तर हा सगळा उतार काही दिवसांत संपतो. छत्तीस वर्षांच्या बाईची तेव्हा दहा-अकरा वर्षं एकदम कापली जातात. हाडं त्या दिवसापासून झपाट्याने झिजू लागतात. रक्तवाहिन्यांची राखणही सुटते. अमेरिकेत मिनेसोटातल्या ओल्मस्टेड परगण्यातल्या बायकांच्या नोंदी मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी अनेक वर्षं तपासल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष छापला. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही अंडाशयं काढलेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण इतर बायकांच्या दीडपटीहून जास्त होतं. हा फरक मुख्यत्वे अशा बायकांत दिसला ज्यांना पंचेचाळिशीपर्यंत इस्ट्रोजेन दिलं गेलं नव्हतं.

म्हणजे औषध घेण्यात धोका आहे तसा न घेण्यातही धोका आहे. हे वाक्य आपल्याकडे कुणी बोलत नाही.

आता भीतीचा उगम. १९४२ मध्ये अमेरिकेत एक गोळी बाजारात आली. तिच्यातलं इस्ट्रोजेन गाभण घोड्यांच्या मूत्रातून काढलेलं होतं, आणि ‘प्रेमरिन’ हे तिचं नावच ‘प्रेग्नंट मेअर्स युरिन’ या शब्दांतून जुळवलेलं. साठच्या दशकात तिचा गाजावाजा झाला, तारुण्य टिकवणारी गोळी म्हणून. १९७५ मध्ये पहिला धक्का बसला. पिशवी शाबूत असलेल्या बाईने नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर पिशवीचं अस्तर वाढत राहतं आणि त्यातून कॅन्सर होण्याची शक्यता अनेकपट होते, असं दिसलं. उपाय सापडला : बरोबर प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं दुसरं हार्मोन द्यायचं, म्हणजे अस्तर आवरलं जातं. तेव्हापासून नियम असा की पिशवी असेल तर दोन हार्मोन, नसेल तर एकटं इस्ट्रोजेन. हा साधा भेद लक्षात ठेवा, पुढे स्तनाच्या कॅन्सरच्या हिशोबात तोच सगळं ठरवतो.

नव्वदच्या दशकात डॉक्टरांची समजूत अशी होती की ही औषधं हृदयविकारही टाळतात. ती खरी की खोटी हे पाहायला अमेरिकी सरकारने ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ हा प्रचंड प्रयोग हाती घेतला. पिशवी असलेल्या १६,६०८ बायका एका गटात, पिशवी नसलेल्या १०,७३९ दुसऱ्यात. प्रत्येक गटातल्या अर्ध्या जणींना औषध, उरलेल्यांना तशीच दिसणारी रिकामी गोळी, आणि कुणाला काय मिळतंय हे त्यांना ठाऊक नाही. आता एक गोष्ट पाहा. हृदयविकाराचे आकडे मिळायचे तर ज्या वयात हृदयविकार होतो त्या वयाच्या बायका हव्यात. म्हणून वय ठेवलं ५० ते ७९. सरासरी निघाली त्रेसष्ट. बहुतेकींची पाळी जाऊन दहा वर्षं उलटून गेली होती.

जुलै २००२ मध्ये पहिल्या गटातला प्रयोग मुदतीआधीच थांबवला गेला. स्तनाचा कॅन्सर २६ टक्क्यांनी वाढला, अशी बातमी जगभर झाली. अमेरिकेत या औषधांचा वापर काही वर्षांत निम्म्याहून खाली आला. ती भीती सगळीकडे पोचली, आपल्या तालुक्याच्या दवाखान्यांतही.

२६ टक्के म्हणजे किती, हे उलगडून पाहू. केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेत दहा हजार बायका एका ठिकाणी जमल्या आहेत असं समजा. त्या प्रयोगातल्यासारख्या साठीच्या बायका. औषध न घेता त्यांच्यातल्या ३० जणींना एका वर्षात स्तनाचा कॅन्सर होईल. दोन्ही हार्मोन घेत असतील तर ३८ जणींना. आठ जणी जास्त. आठ हा लहान आकडा म्हणून सोडून द्यायचा नाही, त्या आठ कुणाच्या तरी आया आहेत. पण ‘२६ टक्के’ ऐकून चारातल्या एका बाईला कॅन्सर होणार असं जे वाटतं, ते साफ चूक आहे.

मग २००४ मध्ये दुसरा गट थांबवला गेला. पिशवी नसलेला, एकटं इस्ट्रोजेन घेणारा. त्यात मेंदूचा झटका वाढलेला दिसला म्हणून तो थांबला. स्तनाचा कॅन्सर मात्र त्यात वाढला नव्हता. या बायकांवर पुढे वीस वर्षं नजर ठेवली गेली. २०२० मध्ये छापलेला हिशोब सांगतो की एकटं इस्ट्रोजेन घेतलेल्यांमध्ये स्तनाचा कॅन्सर रिकामी गोळी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी कमी होता, आणि दोन्ही हार्मोन घेतलेल्यांमध्ये सुमारे २८ टक्क्यांनी जास्त. स्तनाच्या बाबतीत मुख्य संशयित ठरलं ते दुसरं हार्मोन, तेही त्या प्रयोगात वापरलेलं कृत्रिम. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ने जगभरच्या अभ्यासांची बेरीज छापली. तिच्यात एकट्या इस्ट्रोजेननेही थोडी वाढ दिसली, पण दोघांच्या जोडीपेक्षा बरीच कमी.

त्या बेरजेतला एक आकडा मला समजावून सांगायला सगळ्यात सोपा वाटतो. पाश्चात्त्य देशांतल्या पन्नास वर्षांच्या पन्नास बायका घ्या. औषध न घेता सत्तरीला पोचेपर्यंत त्यांच्यातल्या साधारण तिघींना स्तनाचा कॅन्सर होतो. त्या सगळ्यांनी पन्नाशीला सुरुवात करून पाच वर्षं दोन्ही हार्मोन रोज घेतली, तर चौघींना होईल. पन्नासात एक जास्त. एकटं इस्ट्रोजेन पाच वर्षं घेतलं तर ही एक बाई पन्नासात नाही, दोनशेत सापडते. आणि भारतात स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण अमेरिकेच्या एक-तृतीयांश ते एक-चतुर्थांश आहे. मूळ आकडाच लहान असल्याने त्यात पडणारी भरही आपल्याकडे लहान असणार, असा तर्क रास्त आहे. औषध जितकी जास्त वर्षं, तितकी ही भर मोठी, हेही त्याच अभ्यासाने दाखवलं. पाच वर्षं आणि दहा वर्षं यांत फरक आहे.

आता गुठळ्या. मराठीत एक घोटाळा होतो, ‘गाठ’ हा शब्द आपण कॅन्सरच्या गाठीलाही वापरतो आणि गोठलेल्या रक्तालाही. इथे बोलणं चाललंय ते पायाच्या खोल शिरेत गोठणाऱ्या रक्ताचं. ती गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. त्याच मोठ्या प्रयोगात दोन्ही हार्मोनच्या गोळीने हा धोका दुपटीहून थोडा जास्त केला. गंमत अशी की ‘दुप्पट’ हा शब्द सगळ्या वयांना सारखा लागू असूनही त्याचा अर्थ प्रत्येक वयात वेगळा होतो. पन्नास ते एकोणसाठ वयाच्या दहा हजार बायकांत वर्षाला ८ जणींना गुठळी होत होती, गोळीने ती संख्या १९ झाली. सत्तर ते एकोणऐंशी वयात मुळातच २७ जणींना होत होती, ती ६२ झाली. एकीकडे अकरा जास्त, दुसरीकडे पस्तीस. कर्जाचा दर एकच असला तरी मुद्दल वेगळं असलं की व्याज वेगळं येतं, तसंच हे.

आणि इथेच या साऱ्या विषयातली मला सर्वांत देखणी वाटणारी गोष्ट येते. गोळी गिळली की ती आतड्यातून शोषली जाते, आणि आतड्यातलं रक्त शरीरात पसरण्याआधी सगळंच्या सगळं यकृताकडे जातं. शरीराची रचनाच तशी आहे, पोटातून आलेली कोणतीही वस्तू आधी यकृताच्या नाक्यावर तपासली जाते. त्यामुळे गोळीतलं इस्ट्रोजेन यकृताला एकदम मोठ्या मात्रेत भेटतं. रक्त गोठवणारे घटक बनवण्याचा कारखाना म्हणजे यकृतच. इस्ट्रोजेनचा लोंढा आला की तो ते घटक जास्त बनवू लागतो. तेच इस्ट्रोजेन जेलच्या रूपात दंडावर किंवा मांडीवर चोळलं, किंवा चिकटपट्टीतून दिलं, तर ते कातडीखालच्या बारीक शिरांतून थेट अंगभर पसरतं. यकृताला इतर अवयवांइतकाच वाटा मिळतो.

कागदावर सुंदर दिसणारा विचार माणसात खरा ठरतोच असं नाही. हा ठरला. फ्रान्समधल्या ‘एस्थर’ नावाच्या अभ्यासात २००३ पासूनच दिसत होतं की गोळी घेणाऱ्यांमध्ये गुठळ्या वाढतात, कातडीवाटे घेणाऱ्यांमध्ये वाढ दिसत नाही. २०१९ मध्ये ब्रिटनच्या दवाखान्यांतल्या नोंदींवरून ऐंशी हजारांहून अधिक गुठळीच्या रुग्णांचा अभ्यास झाला. गोळी घेणाऱ्यांमध्ये धोका सुमारे ५८ टक्क्यांनी जास्त निघाला, कातडीवाटे घेणाऱ्यांमध्ये जास्त नव्हताच. रेणू तोच. फरक फक्त दार कुठलं याचा.

राहिलं हृदय, जिथून हा सगळा खटाटोप सुरू झाला. २००७ मध्ये त्या मोठ्या प्रयोगाचेच आकडे पुन्हा मांडले गेले, या वेळी पाळी जाऊन किती वर्षं झाली त्यानुसार. दहा वर्षांच्या आत सुरू केलेल्यांमध्ये हृदयविकार रिकाम्या गोळीपेक्षा सुमारे चतुर्थांशाने कमी दिसला. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान होता, म्हणून त्याच्या जिवावर ‘हृदयासाठी घ्या’ असं कुणी सांगू नये. पण वीस वर्षं उलटलेल्यांमध्ये तो २८ टक्क्यांनी जास्त होता, आणि तो आकडा पक्का होता. २०१६ मध्ये लॉस एंजलिसच्या संशोधकांनी ‘एलिट’ हा प्रयोग छापला. ६४३ बायका, काहींची पाळी जाऊन सहा वर्षांहून कमी काळ झालेला, काहींची दहा वर्षांहून जास्त. सगळ्यांना तेच एस्ट्राडिओल किंवा रिकामी गोळी. मानेतल्या धमनीच्या भिंतीची जाडी सोनोग्राफीने पुन्हा पुन्हा मोजली. लवकर सुरू केलेल्यांमध्ये भिंत जाड होण्याचा वेग मंदावला. उशिरा सुरू केलेल्यांमध्ये औषधाने काहीच फरक पडला नाही.

मातीच्या घरात वाढलेल्या माणसाला याचं कारण समजायला वेळ लागत नाही. भिंत धड असताना नेमाने सारवली तर ती टिकते. तिला भेगा पडून पोपडे सुटले असतील आणि तुम्ही ओला पोतेरा फिरवला, तर पाणी भेगेत शिरतं आणि पोपडा खाली येतो. तरुण धमनीचं अस्तर इस्ट्रोजेनला प्रतिसाद देतं, लवचीक राहतं. पंधरा-वीस वर्षं इस्ट्रोजेनविना गेलेल्या धमनीत चरबीचे थर साचलेले असतात, तिथली ग्राहकंही कमी झालेली असतात, आणि त्या थरांवरचं पातळ आवरण इस्ट्रोजेनमुळे फाटण्याची शक्यता वाढते असं संशोधकांना वाटतं. फाटलं की त्यावर रक्त गोठतं, आणि तोच हृदयविकाराचा झटका. पासष्टीनंतर सुरू केलेल्या दोन हार्मोनच्या गोळीने स्मृतिभ्रंशाचं प्रमाणही दुप्पट झालेलं त्या मोठ्या प्रयोगाच्या एका शाखेत दिसलं होतं.

म्हणजे २००२ चा प्रयोग खोटा नव्हता. त्याने विचारलेला प्रश्न होता : त्रेसष्टाव्या वर्षी सुरू केलं तर हृदय वाचतं का? उत्तर आलं, नाही. जगाने ते उत्तर पन्नास वर्षांच्या, आणि छत्तीस वर्षांच्याही बाईला लावलं. येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक अंदाज मांडला. अमेरिकेत पन्नास ते एकोणसाठ वयाच्या, पिशवी नसलेल्या बायकांनी २००२ नंतरच्या दहा वर्षांत इस्ट्रोजेन टाळलं, त्यापायी कमीत कमी १८ हजार आणि जास्तीत जास्त ९१ हजार जणी वेळेआधी गेल्या. अंदाजच आहे तो, दोन टोकांतलं अंतरच ते सांगतं. तरी खालचं टोकही झोप उडवणारं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधांवरचा हृदयविकार, स्तनाचा कॅन्सर आणि स्मृतिभ्रंश यांबद्दलचा सर्वांत कडक इशारा काढायचं जाहीर केलं. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू करावं, ही आजची सर्वसाधारण शिफारस.

आता मावल्यात परत येऊ आणि तीन बायका डोळ्यांसमोर आणू. खऱ्या नव्हेत, पण अशा आजूबाजूला आहेत.

पहिली पन्नास वर्षांची. दोन वर्षांपूर्वी पाळी गेली, पिशवी जागेवर. रात्रीत पाच-सहा वेळा घामाने जागी होते, दिवसा दुकानात चूक होते. थोडी जाड, बीपी आवाक्यात. तिच्यासाठी ही औषधं गुणकारी आहेत, गरम वाफांची संख्या सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी होते आणि हाडंही राखली जातात. जाडीमुळे गुठळीचा धोका मुळात थोडा जास्त, म्हणून गोळीपेक्षा जेल बरं. पिशवी आहे म्हणून बरोबर प्रोजेस्टेरॉन हवंच, नैसर्गिक प्रतीचं घेतलं तर रात्री झोपताना १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल रोज. तिने थोडी गुंगी येते, म्हणून वेळ रात्रीची. इथे एक चूक फार होते. जेलने वाफा थांबतात, कॅप्सूलने नुसती गुंगी येते, मग बाई कॅप्सूल बंद करते आणि जेल चालू ठेवते. १९७५ मध्ये जे कळलं होतं तेच मग तिच्या पिशवीत घडू लागतं. पहिले तीन-चार महिने थोडं डागाळलं तर घाबरायचं नाही, पण सहा महिन्यांनंतर रक्त जाऊ लागलं तर सोनोग्राफी करून अस्तराची जाडी पाहायलाच हवी. दरवर्षी बसून विचारायचं, अजून लागतंय का?

दुसरी सहासष्ट वर्षांची. पाळी जाऊन एकोणीस वर्षं झाली. मैत्रिणीच्या अंगात शक्ती आली म्हणून तिलाही हवंय. तिने आता सुरू करू नये. तिच्या हाडांसाठी दुसरी औषधं आहेत. लघवीची जळजळ आणि योनीचा कोरडेपणा हा तिचा त्रास असेल, तर तिथेच लावायचं अगदी कमी मात्रेचं इस्ट्रोजेनचं मलम आहे. ते रक्तात नगण्य उतरतं, म्हणून वरच्या कुठल्याही भीतीचं कारण नाही.

तिसरी अडतीस वर्षांची, दोन वर्षांपूर्वी पिशवी आणि दोन्ही अंडाशयं काढलेली. तिच्यासाठी या लेखातले निम्मे आकडे गैरलागू आहेत. ती जास्तीचं काही घेत नाही, जे तिच्या वयाच्या शेजारणीच्या शरीरात आपोआप तयार होतंय तेच परत घेते. पिशवी नाही म्हणून तिला एकटं इस्ट्रोजेन पुरतं, म्हणजे स्तनाच्या दृष्टीने दोन्हींतला सौम्य पर्याय. तरुण असल्याने मात्राही पन्नाशीच्या बाईपेक्षा बरेचदा जास्त लागते. जगातल्या बहुतेक मार्गदर्शक सूचना सांगतात की काही मनाई नसेल तर अशा बाईने पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हे घ्यावं, वाफा येत असोत वा नसोत. आणि नेमकी हीच बाई आपल्याकडे कॅल्शियमची पाकिटं घेऊन घरी जाते.

मनाई कुणाला, तेही स्पष्ट सांगते. स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला, कारण न कळलेला रक्तस्राव, आत्ता शिरेत गुठळी असलेली, नुकताच हृदयाचा किंवा मेंदूचा झटका आलेली, यकृताचा गंभीर आजार. पूर्वी कधी गुठळी झाली असेल तर तज्ज्ञाशिवाय निर्णय नको. घेणारीने दोन खुणा ओळखून ठेवाव्यात : एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागणं, आणि अचानक धाप लागून छातीत कळ येणं. त्या वेळी उद्याची वाट पाहायची नसते. सुरू करण्याआधी बीपी, साखर, स्तनांची तपासणी आणि घरच्या आजारांची चौकशी, एवढं तरी झालंच पाहिजे.

तिसऱ्या बाईची एक अडचण राहते. तिला बरेचदा ठाऊकच नसतं की अंडाशयं काढली की ठेवली. ‘सगळं काढलं’ एवढंच तिला सांगितलेलं असतं. पिशवीच नसल्यामुळे पाळीवरून काही कळायचा मार्ग नाही. उत्तर डिस्चार्ज कार्डावर असतं. ऑपरेशनच्या नावापुढे ‘बीएसओ’ ही तीन अक्षरं असली तर दोन्ही अंडाशयं गेली. नुसतं ‘टीएएच’ असेल तर फक्त पिशवी गेली, आणि तरीही अंडाशयं काही वर्षं आधी थकू शकतात, म्हणून चाळिशीच्या आत वाफा सुरू झाल्या तर एफएसएच ही रक्ततपासणी करून घ्यावी. कार्ड हरवलं असेल तर जिथे ऑपरेशन झालं तिथून नोंद मागता येते, सोनोग्राफीनेही बरंचसं कळतं.

तुमच्या घरात, नात्यात, शेतावर बरोबर कापूस वेचणाऱ्या बायकांत पंचेचाळिशीच्या आत पिशवी काढलेली कुणी असेल, तर तिला या आठवड्यात ते कार्ड शोधायला सांगा. वाचता येत नसेल तर तुम्ही वाचा. ‘बीएसओ’ दिसलं तर तिला घेऊन आदिलाबादच्या रिम्समध्ये किंवा जवळच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा आणि एकच प्रश्न विचारा : हिला इस्ट्रोजेन का देऊ नये, याचं हिच्या शरीरात काही कारण आहे का?